ताक, लस्सी आणि उसाचा रस: कॅलरीच्या वहीत न चढणारे पेले कसे मोजायचे

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी मोबाइलवर खाण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. पोळ्या मोजल्या, भाताची वाटी काट्यावर ठेवली, फोडणीचं तेल चमच्याने घालायला लागले. दिवसाला १६०० कॅलरी ठरवल्या होत्या आणि अॅप रोज रात्री शाबासकीचा हिरवा रंग दाखवत होतं. तीन आठवडे झाले तरी वजन होतं तिथेच.

महिनाअखेरीला फोनवरून दिलेल्या पैशांची यादी चाळत होते. त्यात दुपारी दोनच्या सुमाराला वीस रुपये, दुसऱ्या दिवशी वीस रुपये, तिसऱ्या दिवशी पुन्हा वीस. सगळे ऑफिसच्या फाटकाबाहेरच्या रसवंतीवाल्याला गेलेले. मी अॅपमध्ये मागे जाऊन पाहिलं, तर महिन्याभरात रसाची एकही नोंद नव्हती. मग डोक्यात प्रकाश पडला की रोज जेवताना घेतलेलं ताकही कुठे नाही आणि रविवारच्या लस्सीचा तर पत्ताच नाही. मी काही लपवत नव्हते. यातलं काहीच माझ्या लेखी ‘खाणं’ नव्हतं. ताक जेवणात धरलेलं, रस तहानेत आणि लस्सी मौजेत.

हे तीन पेले मोजायला बसल्यावर लक्षात आलं की अॅपमध्ये नाव टाकून भागत नाही. एकाच नावाला दहा वेगवेगळे आकडे येतात आणि त्यातला आपला कुठला ते कळत नाही. तेव्हा मी जे दोन-तीन आठवडे चुकत चुकत शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

काय काय लागेल

- स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. भांडं ठेवून आकडा शून्य करायचं बटण त्याला हवंच.
- पोह्याचा नव्हे, चहाचा चमचा. घरात एकच ठरवून ठेवा.
- झाकणाची बाटली, पेय घरी आणून मोजण्यासाठी. एकदाच लागेल.
- तुमच्याकडे येणाऱ्या दुधाची रिकामी पिशवी. ती फेकू नका, तिच्यावरचा तक्ता लागणार आहे.
- नोंदीचं कुठलंही अॅप, ज्यात स्वतःचा पदार्थ बनवून ठेवता येतो. नसेल तर साधी वही चालते.

१. आधी आपला पेला ओळखा

‘एक ग्लास’ हे माप नाही. माझ्या घरातला स्टीलचा पेला काठोकाठ २२० मिलिलिटरचा निघाला, पाहुण्यांचे काचेचे ग्लास ३०० चे आणि रसवंतीवरचा जाड बुडाचा ग्लास दिसायला सगळ्यांत मोठा असला तरी त्यात २८० च मावतं.

घरचे पेले मोजणं सोपं आहे. रिकामा पेला काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, नेहमी भरता तिथपर्यंत पाणी भरा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे काट्यावर जो आकडा येईल तेच पेल्याचं माप.

बाहेरच्या ग्लासाला मी एकदा बाटली घेऊन गेले. रसवाल्या काकांना सांगितलं, नेहमीसारखा फुल ग्लास भरा आणि तो या बाटलीत ओता. ते हसले, पण ओतला. घरी येऊन फेस बसू दिला आणि मग मोजला. फेसाचं लक्षात ठेवा. रसावर बोटभर फेस असतो, आणि मिक्सरमधून काढलेल्या लस्सीत तर हवा भरपूर असते. म्हणून लस्सी मिलिलिटरमध्ये मोजूच नका, तिचं वजन करा. हवेचं वजन काट्यावर येत नाही आणि तिला कॅलरीही नाहीत.

२. पेयाचं नाव विसरा, आत काय पडलं ते पाहा

सगळी गोम इथेच आहे. ताक, लस्सी आणि रस या तिन्हींमध्ये भरपूर पाणी किंवा बर्फ असतो आणि त्याच्या कॅलरी शून्य. मीठ, जिरेपूड, आलं, लिंबू, पुदिना, कोथिंबीर यांच्या कॅलरी इतक्या किरकोळ की लिहायचा वेळ फुकट. मग उरतं काय? दही, साखर, साय आणि उसाचा मूळ रस. या चार गोष्टींचं वजन किंवा अंदाज कळला की पेला कितीही मोठा असो, हिशेब जमतो.

दह्याचा आकडा दुधाच्या पिशवीवरून घ्या. दूध विरजल्यावर त्यातली थोडी साखर आंबटपणात बदलते, पण आपल्या कामापुरतं दह्याच्या कॅलरी दुधाइतक्याच धरायला हरकत नाही. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो आणि १०० ग्रॅमला साधारण ६० कॅलरी पडतात. फुल क्रीम दुधात ६ टक्के, त्याला साधारण ८७-८८. सगळी साय काढलेल्या दुधाला ३५ च्या आसपास. नेमका आकडा तुमच्या पिशवीवर kcal या खुणेपुढे छापलेला असतो.

यात आपल्या घरची एक भानगड आहे. आपण फुल क्रीम दूध आणतो, तापवतो, गार झाल्यावर साय काढून डब्यात जमवतो आणि उरलेलं दूध विरजतो. मग दही पिशवीवरच्या आकड्याइतकं जड राहत नाही. किती कमी झालं हे घरी अचूक सांगता येणार नाही. मी अशा दह्याला टोन्डचा आकडा लावते आणि पुढे जाते.

साखरेचं गणित एकच: १ ग्रॅमला ४ कॅलरी. सपाट चहाचा चमचा साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे २० कॅलरी. शीग भरली तर सात-आठ ग्रॅम सहज होते. तुमचा चमचा एकदा काट्यावर भरून बघाच. माझा निघाला सहाचा.

३. ताक: लोणी काढलं होतं का, एवढाच प्रश्न

ताक या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी पितो.

पहिलं, जुन्या अर्थाचं ताक. आठवडाभराची साय विरजायची, घुसळायची, लोणी वर आलं की काढून घ्यायचं, खाली उरतं ते ताक. त्यातला बहुतेक स्निग्धांश लोण्याबरोबर गेलेला असतो. घुसळताना आणि नंतर पातळ करताना पाणी पडतं ते वेगळंच. असं बऱ्यापैकी पातळ ताक १०० मिलिलिटरला १५ ते २० कॅलरींचं असतं. माझ्या २२० च्या पेल्याला चाळीसच्या आसपास.

दुसरं, आज बहुतेक घरांत रोज होतं ते. वाटीभर दही, दुप्पट पाणी, मीठ, रवी फिरवली की झालं. यातून लोणी काढलेलंच नाही, म्हणजे हे खरं तर पातळ केलेलं दही आहे. आमच्याकडे माणशी १०० ग्रॅम दही पडतं. टोन्डचं दही धरलं तर पेल्याला ६० कॅलरी, फुल क्रीमचं असेल तर ८७-८८. पाणी कमी-जास्त झालं तरी हा आकडा बदलत नाही. म्हणून असं ताक करताना पाण्याकडे पाहू नका. दह्याचं पातेलं आधी काट्यावर ठेवा, दही काढून घेतल्यावर पुन्हा ठेवा, आणि जेवढं कमी झालं त्याला माणसांनी भागा.

बाहेरच्या किंवा दुसऱ्याच्या घरच्या ताकाचं कसं ओळखायचं? घुसळलेल्या ताकावर बारीक पिवळट लोण्याचे कण तरंगताना दिसतात आणि पेला रिकामा झाल्यावर ते काचेला फारसं धरत नाही. मिक्सरमधलं दह्याचं ताक एकसारखं पांढरं असतं आणि पेल्याच्या आतल्या बाजूला पातळ थर सोडतं. खात्री नसेल तर दह्याचं धरा. खानावळीतलं ताक मात्र बऱ्याचदा इतकं पातळ असतं की कुठलंही धरा, फरक दहा-वीस कॅलरींचाच पडेल.

आता या भागातला मोठा खड्डा. अॅपमध्ये तुम्ही Buttermilk टाइप केलंत की वरच्या नोंदी बहुतेक अमेरिकेतल्या असतात. तिथे त्या नावाने मिळणारी वस्तू म्हणजे दूध विरजून केलेलं दाट आंबट दूध, केक-पॅनकेकमध्ये घालायचं. कमी स्निग्धांशाचं असेल तर १०० ग्रॅमला ४० कॅलरी, पूर्ण दुधाचं असेल तर ६० च्या वर. आपलं ताक म्हणून ती नोंद निवडली की तुमच्या साध्या पेल्याच्या दुप्पट-तिप्पट कॅलरी वहीत चढतात. पेले मोजायला लागले त्या पहिल्या आठवड्यात मी ताकाला १३० कॅलरी लिहून बसले होते आणि ताकच बंद करावं का या विचारात होते.

उलट बाजूचा खड्डा लग्नातल्या मठ्ठ्याचा. जिलबीबरोबरच्या मठ्ठ्यात आलं, मिरची, कोथिंबीर तर असतेच, पण आचारी त्यात साखरही सढळ हाताने घालतात आणि तिखट-आंबटाखाली ती कळत नाही. मी वाटीला एक चमचा साखर जास्तीची लिहिते. (जिलबीचं मी काय लिहिते ते विचारू नका.)

पिशवीतलं मसाला ताक घेत असाल तर तक्ता वाचताना एवढंच बघा की आकडा १०० मिलिलिटरचा दिला आहे की अख्ख्या पिशवीचा. पिशवी २०० ची आणि आकडा १०० चा, ही चूक सगळे करतात.

४. लस्सी: साखर चाखून मोजायची

घरच्या लस्सीत अडचण काहीच नाही. दही मोजलं, साखर मोजली, संपलं. १५० ग्रॅम टोन्डच्या दह्याचे ९० आणि तीन सपाट चमचे साखरेचे ६०, एकूण १५०.

अडचण दुकानातल्या लस्सीची. तिथे मोठ्या पातेल्यात आधीच साखर घालून घुसळलेलं दही असतं, वरून बर्फ, वर सायीचा किंवा मलईचा जाड तुकडा, कुठे गुलाबी सरबताची धार, कुठे आइस्क्रीमचा गोळा. विचारलं तर ‘साखर बेताचीच असते ताई’ हे उत्तर ठरलेलं.

आपल्याला बेताची वाटते, कारण दोन गोष्टी साखर झाकतात. एक, गारपणा. जीभ गार पडली की गोडी कमी जाणवते. दुसरं, दह्याचा आंबटपणा. दोन्ही एकत्र आल्यावर लस्सी ‘गोड’ लागायला सरबतापेक्षाही जास्त साखर घालावी लागते. खरं वाटत नसेल तर अर्धा ग्लास लस्सी तासभर ओट्यावर ठेवा आणि कोमट झाल्यावर एक घोट घ्या. दुसरा घेववणार नाही.

मोजायला मी असं केलं. रविवारी आम्ही जातो तिथली एक लस्सी बांधून आणली. मलईचा थर चमच्याने उचलून वेगळा तोलला, २० ग्रॅम भरला. खालच्या लस्सीचं वजन २३० ग्रॅम. मग घरी फुल क्रीम दुधाचं १५० ग्रॅम दही घेतलं, बर्फाऐवजी ५० ग्रॅम पाणी, आणि त्यात १५ ग्रॅम साखर विरघळवली. माझी आणि दुकानातली अशा दोन्ही वाट्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या. गारवा सारखा नसेल तर तुलना फसते. मग एक चमचा इकडचा, एक घोट पाणी, एक चमचा तिकडचा. माझी लस्सी सपक लागली. पाच ग्रॅम साखर वाढवली, तरी सपक. आणखी पाच. जावेला डोळे मिटून चाखायला लावलं. तीस ग्रॅमवर तिला दोन्हींत फरक सांगता येईना.

म्हणजे ग्लासात ३० ग्रॅम साखर, सहा सपाट चमचे. त्याचे १२०. दह्याचे साधारण १३०. मलईचे साठ-सत्तर धरले. एकूण ३१० ते ३२०. मी ३२० लिहिते.

हा प्रयोग अचूक नाही. दुकानातलं दही तुमच्यापेक्षा आंबट असेल तर साखर आणखी थोडी जास्त असणार, आणि तिथे पाणी निथळलेलं घट्ट दही वापरत असतील तर दह्याचा आकडाही वर जातो, कारण निवळ निघून गेली की तेवढ्याच वजनात माल जास्त. पण प्रयोगाआधी मी मनात दीडशे धरत होते. तीनशेच्या आसपास आहे एवढं कळलं तरी काम झालं.

साखर नको म्हणून खारी लस्सी मागवलीत तर साखरेचे १२० वाचतात, दह्याचे तसेच राहतात. आणि मलई काढून ठेवायला सांगितली तर वाढपी असा चेहरा करतो की पुन्हा सांगायचा धीर होत नाही.

५. उसाचा रस: बर्फ किती आणि ऊस कुठला

रसात दह्यासारखं तोलायला काही नसतं. ऊस चरकातून जातो, खाली जे येतं तीच साखर. इथे मला मामांची मदत झाली. त्यांचा सांगलीकडे ऊस आहे आणि तोडणीआधी ऊस पिकला का हे बघायला त्यांच्याकडे हातात धरायचा ब्रिक्स मीटर असतो. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून नळीतून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतो तिथला आकडा म्हणजे ब्रिक्स. १०० ग्रॅम रसात विरघळलेले पदार्थ किती ग्रॅम आहेत, हे तो आकडा सांगतो. पिकलेल्या उसात त्यातला साधारण नव्वद टक्के भाग साखरेचा असतो.

एप्रिलमध्ये ते पुण्याला आले तेव्हा मीटर खिशात घेऊन आम्ही दोघं रसवंतीवर गेलो. चरकाखालून थेट आलेल्या रसाचा आकडा १९ आला. मामा म्हणाले, ऊस चांगला आहे, कारखान्याला गेला असता. मग नेहमीसारखा बर्फ घातलेल्या जगमधून गाळून दिलेला ग्लास तपासला, तर आकडा १३. तोच ऊस, तेच काका. मधला फरक वितळलेल्या बर्फाचा.

हिशेब करून दाखवते, कारण पुढचा नियम यातूनच निघतो. रस पाण्यापेक्षा थोडा जड असतो, १०० मिलिलिटर नितळ रस साधारण १०८ ग्रॅम भरतो. त्याचे १९ टक्के म्हणजे साडेवीस ग्रॅम, त्यातली साखर साडेअठरा ग्रॅम, कॅलरी ७४. बर्फाच्या रसाचं तसंच गणित केलं की १०० मिलिलिटरला ४९ येतात. तेव्हा बिनबर्फाच्या रसाला १०० मिलिलिटरमागे ७५ आणि बर्फाच्या जगमधून आलेल्या रसाला ५० धरा. माझा २८० चा ग्लास बर्फाचा असेल तर १४०, बिनबर्फाचा असेल तर २१०.

इथे एक गंमत होते. घसा बसू नये किंवा बर्फाचं पाणी कुठलं कोण जाणे, म्हणून पुष्कळ जण ‘बिनबर्फाचा द्या’ म्हणतात. ते शहाणपणाचं आहेच. पण तेवढ्याच ग्लासात आता निव्वळ रस येतो आणि कॅलरी दीडपट होतात. बिनबर्फाचा घ्यायचा तर हाफ घ्या, हिशेब जवळपास बर्फाच्या फुलइतका किंवा त्याहून कमीच बसतो.

ग्लासात खडे तसेच तरंगत असतील तर गोष्ट थोडी वेगळी. तो बर्फ अजून रसात मिसळलेला नाही, तो फक्त जागा अडवतो. खडे विरघळायच्या आत रस संपवलात तर प्यायलेला रस कमी असतो, पण नितळ असतो. असे तीन-चार मोठे खडे असतील तर मी सरळ बर्फाच्या रसाचाच आकडा लावते. फार खोलात गेलं की रस पिण्यातली मजा जाते.

अॅपमध्ये उसाच्या रसाला १०० मिलिलिटरमागे चाळीसपासून पंचाहत्तरपर्यंत आकडे मला सापडले. त्यातला कुठला तरी एकच खरा आणि बाकी खोटे, असं नाही. कुणी पातळ रसाचा लिहिलेला, कुणी नितळ रसाचा. ऊसही वर्षभर सारखा नसतो. पावसाळ्यात कोवळ्या उसाचा रस पाणचट लागतो, तर फेब्रुवारी ते मेमध्ये, रसवंत्यांचे घुंगरू जोरात वाजत असतात तेव्हा, ऊस पिकलेला आणि गोड असतो. म्हणून उन्हाळ्यात वरचा आकडा धरा. लिंबू-आलं पिळल्याने रस हलका होतो असं काकाही सांगतात आणि गिऱ्हाईकही मानतं. चव हलकी होते, साखर तेवढीच राहते.

मधुमेह असेल तर मात्र या लेखातल्या आकड्यांवर रसाचं ठरवू नका. तिथे प्रश्न कॅलरींपेक्षा एकदम रक्तात जाणाऱ्या साखरेचा आहे आणि तो डॉक्टरांशी बोलायचा आहे.

६. आपल्या नावाच्या नोंदी बनवून ठेवा

हे आकडे एकदा निघाले की पुन्हा पुन्हा मोजायचं नाही. अॅपमध्ये ‘स्वतःचा पदार्थ’ जोडायची सोय असते. मी तिथे चार नोंदी करून ठेवल्या: घरचं ताक एक पेला ६०, लोण्याचं ताक एक पेला ४०, फाटकावरचा रस फुल १४०, रविवारची लस्सी ३२०. नावं मुद्दाम अशी ठेवली की शोधताना अनोळखी नोंदींच्या गर्दीत आपली पटकन ओळखू यावी.

विसरण्यावर दोन उपाय माझ्याकडे टिकले. ताक जेवणाबरोबर येतं, म्हणून ते मी जेवणाआधी, ताट वाढतानाच लिहिते. जेवल्यावर लिहू म्हटलं की पोळी-भाजी आठवते, ताक नाही. आणि रस-लस्सीसाठी रात्री एकदा फोनवरच्या पैशांची यादी बघते. कुणी दुसऱ्याने पैसे दिले असतील तर ही युक्ती फसते, आणि रस पाजणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. तेव्हा ‘आज कोण भेटलं होतं?’ हाही प्रश्न स्वतःला विचारा.

७. माझा एक आठवडा, कागदावर

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी नेहमीसारखंच प्यायले, फक्त लिहून काढलं.

रस सोमवार ते शुक्रवार रोज एक फुल, बर्फाचा: पाच वेळा १४० म्हणजे ७००. घरचं ताक दोन्ही जेवणांना, सातही दिवस: चौदा पेले, प्रत्येकी ६०, एकूण ८४०. लस्सी रविवारी एक: ३२०. बेरीज १८६०. दिवसाला साधारण २६५.

मला दिवसाला सुमारे २००० लागतात असं धरून मी १६०० ठरवल्या होत्या, म्हणजे रोज ४०० कमी. त्यातल्या २६५ या तीन पेल्यांनी परत भरल्या. उरल्या १३५. एक किलो चरबीला ७७०० च्या आसपास कॅलरी धरतात. त्या हिशेबाने तीन आठवड्यांत किलोभर उतरायला हवं होतं आणि प्रत्यक्षात जेमतेम साडेतीनशे ग्रॅम उतरलं असणार. तेवढा फरक तर सकाळी पाणी पिऊन काट्यावर उभं राहिलं तरी पडतो. म्हणून काटा हललेला दिसला नाही.

आश्चर्य मला ताकाचं वाटलं. सगळे बोट दाखवतात लस्सीकडे, पण आठवड्याच्या हिशेबात सगळ्यांत मोठा आकडा ताकाचा निघाला, कारण ते रोज, दोन्ही वेळा, न मोजता चालू होतं. ताक मी सोडलं नाही. रात्रीचं तेवढं थांबवलं आणि दुपारचं दही ७० ग्रॅमवर आणलं. पाणी वाढवलं, जिऱ्याची पूड वाढवली, घरात कुणाला कळलंही नाही. लस्सी दोन रविवारांआड एकदा.

रस आता आठवड्यातून दोनदा, तोही हाफ. पण काकांना माझी जुनी सवय माहीत. हाफ सांगितला तरी ग्लास अर्ध्यावर थांबत नाही, ‘घ्या ताई, जगमध्ये उरलाच आहे’ म्हणत ते पाऊण भरतात. मी वहीत पाऊणच लिहिते, १०५.